ठोकळा नेमका कधी सुटतो?

जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवायची फिरती तबकडी बऱ्याच घरांत असते. तिच्यावर मीठ, लोणचं, चटणीच्या वाट्या ठेवतात आणि हवं ते फिरवून पुढ्यात घेतात. घरात लहान मूल असेल तर एखादी वाटी टेबलावर सांडलेलीही असते. ती कशी सांडली हे नीट आठवून पाहिलं तर दोन प्रकार वेगळे दिसतात. पोराने तबकडीला एकदम हिसका दिला असेल, तर तबकडी पुढे जाते आणि वाटी मागे राहते. हळूहळू वेग वाढवत नेला असेल, तर वाटी बराच वेळ मुकाट फिरते आणि मग अचानक कडेकडे निघते. वाटी तीच, तबकडी तीच, पण एकदा ती मागे घसरते आणि एकदा बाहेर.

या दोन घसरण्यांमागे हिशेब मात्र एकच आहे. तबकडी थांबलेल्या अवस्थेतून सुरू होते, तिचा वेग एकसारखा वाढत जातो, आणि तिच्यावर एक छोटा ठोकळा नुसता ठेवलेला आहे. तो किती वेगाला सुटेल? अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात हा प्रश्न हमखास भेटतो. मी अनेक वर्षं तो शिकवला आणि प्रयोगशाळेत करूनही घेतला. मुलं गडबडतात ती नेहमी एकाच जागी. ती जागा समजली की गणित चार ओळींचं उरतं.

ठोकळ्याला तबकडीशी बांधणारं काहीच नाही. त्याला सोबत नेतं ते फक्त तळाचं घर्षण. हे घर्षण गरजेपुरतंच काम करतं. तबकडी उभी असताना ते शून्य असतं आणि गरज वाढेल तसं वाढतं. पण त्याला एक कमाल मर्यादा आहे. तिला मी घर्षणाची ऐपत म्हणतो. ऐपतीच्या आत असेतो ठोकळा जागचा हलत नाही, आणि गरज ऐपतीच्या पुढे गेली की त्याच क्षणी सुटतो.

ही ऐपत मोजायला फारसं काही लागत नाही. तबकडी ज्या प्लायवूडची, त्याचीच एक फळी घ्यायची, तिच्यावर ठोकळा ठेवायचा आणि फळीचं एक टोक सावकाश उचलत जायचं. ठोकळा सरकू लागेल तिथे थांबायचं. उचललेल्या टोकाची उंची भागिले फळीखालचं आडवं अंतर म्हणजे घर्षण गुणांक. आमचा लाकडी ठोकळा ५० सेंटिमीटर आडव्या अंतराला २० सेंटिमीटर उंचीवर सरकायचा, म्हणजे गुणांक ०.४. त्याला गुरुत्व त्वरणाने, म्हणजे ९.८ने गुणलं की ३.९२ येतात. अर्थ असा की हे घर्षण ठोकळ्याला जास्तीत जास्त ३.९२ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढं त्वरण देऊ शकतं. ठोकळ्याचं वजन यात कुठेच उरत नाही. जड ठोकळ्याला वळवायला बल जास्त लागतं, पण तो तबकडीवर दाबतोही तितकाच जास्त, त्यामुळे दोन्हीकडून वस्तुमान निघून जातं. मुलांना हे सांगून पटत नाही. एकाच लाकडाचे दोन ठोकळे, एक दुसऱ्याच्या दुप्पट रुंद, एकाच त्रिज्येवर ठेवून दाखवले की पटतं. ते जवळजवळ एकाच वेळी सुटतात.

आता गरजेकडे येऊ. फिरणाऱ्या ठोकळ्याला दोन कारणांनी त्वरण लागतं. पहिलं, त्याला सतत वळावं लागतं. न वळता तो सरळ गेला असता. वर्तुळावर राहण्यासाठी त्याला मध्याच्या दिशेने, त्रिज्येवरून आत, ओढत राहावं लागतं. हे त्रिज्य त्वरण, आणि ते वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या एवढं असतं. दुसरं, तबकडीचा वेग वाढतोय, तर ठोकळ्याचाही वाढला पाहिजे. त्यासाठी त्याला पुढे, वर्तुळाला स्पर्श करणाऱ्या रेषेच्या दिशेने ढकललं पाहिजे. हे स्पर्शीय त्वरण. तबकडी एकसारखी वेग घेत असेल तर हे दुसरं त्वरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढंच राहतं. पहिलं मात्र शून्यापासून सुरू होऊन झपाट्याने वाढतं, कारण त्यात वेगाचा वर्ग आहे. वेग दुप्पट झाला की वळण्याची गरज चौपट होते.

गडबड होते ती इथे. घर्षण दोन नाहीत, एकच आहे. तेच आतही ओढतं आणि पुढेही ढकलतं. त्यामुळे मुलं दोन गरजांची सरळ बेरीज करतात, किंवा लहान वाटते ती सोडूनच देतात. पण या दोन दिशा एकमेकींना काटकोनात आहेत. घर्षणाला प्रत्यक्षात एकाच तिरक्या दिशेने, थोडं आत थोडं पुढे, जोर लावायचा असतो. तो जोर म्हणजे काटकोन त्रिकोणाचा कर्ण. म्हणून बेरीज पायथागोरसच्या प्रमेयाने करायची, दोघांच्या वर्गांची बेरीज आणि तिचं वर्गमूळ. हा कर्ण ज्या क्षणी ३.९२ होतो, त्या क्षणी ठोकळा सुटतो.

आता प्रत्यक्ष आकडे घालू. ठोकळ्याचा मध्य तबकडीच्या केंद्रापासून २० सेंटिमीटरवर आहे. आधी अगदी सावकाश सुरुवात करू. दर सेकंदाला तबकडीचा वेग मिनिटाला अर्ध्या फेऱ्याने वाढतोय. यातून स्पर्शीय त्वरण निघतं अवघं ०.०१. जवळजवळ सगळी ऐपत, म्हणजे ३.९२, वळण्याला मोकळी आहे. वेगाचा वर्ग म्हणजे ३.९२ गुणिले ०.२, म्हणजे ०.७८४. वेग आला सेकंदाला साधारण ८८.५ सेंटिमीटर. या वर्तुळाचा परीघ १२५.७ सेंटिमीटर, म्हणून मिनिटाला ४२.३ फेरे. तिथवर पोहोचायला सुमारे ८५ सेकंद लागतील आणि तेवढ्यात तबकडीचे जवळजवळ ३० फेरे होतील. इथे स्पर्शीय त्वरण पूर्ण विसरलात तरी उत्तराला धक्का लागत नाही.

आता हिसका देऊ. तबकडीचा वेग दर सेकंदाला मिनिटाला १५० फेऱ्यांनी वाढतोय. स्पर्शीय त्वरण झालं ३.१४. ऐपत ३.९२च आहे, आणि तिच्यातले ३.१४ नुसते पुढे ढकलण्यात गेले. वळण्याला किती उरलं? सरळ वजाबाकी केली तर ०.७८ उरतात आणि ठोकळा मिनिटाला १८.८ फेऱ्यांना सुटेल असं उत्तर येतं. स्पर्शीय भाग विसरलं तर पुन्हा ४२.३ येतात. दोन्ही चूक. ३.९२च्या वर्गातून ३.१४चा वर्ग वजा करून वर्गमूळ घेतलं की २.३४ येतात, आणि त्यावरून वेग निघतो मिनिटाला ३२.७ फेरे. ऐपतीचे ऐंशी टक्के पुढे ढकलण्यात जाऊनही वळण्याला जवळजवळ साठ टक्के उरतात. काटकोनातल्या बेरजेचा हा गुण पहिल्यांदा पाहणाऱ्याला नेहमी चकित करतो. या हिसक्यात ठोकळा तबकडीबरोबर जेमतेम साडेसात सेंटिमीटर जातो आणि सुटतो. सगळा प्रकार पाव सेकंदाच्या आत संपतो. हिसका आणखी वाढवून सेकंदाला मिनिटामागे १८७ फेऱ्यांच्या वर नेला, तर नुसत्या पुढे ढकलण्यातच ऐपत संपते. मग ठोकळा पहिल्या क्षणापासून तबकडीबरोबर येतच नाही. पोराच्या हिसक्याला वाटी मागे राहते ती अशी.

ज्यांना सूत्र हवं त्यांच्यासाठी ते एका ओळीत देतो. ω हा सुटण्याच्या क्षणाचा कोनीय वेग, α कोनीय त्वरण, r त्रिज्या आणि μ घर्षण गुणांक:

ω = [ (μg/r)² − α² ]^(1/4)

चौथं मूळ पाहून दचकायचं कारण नाही. वळण्याच्या त्वरणात वेगाचा एक वर्ग, पायथागोरसच्या बेरजेत त्याचा आणखी एक वर्ग, ते दोन्ही उलटवायचे म्हणून चौथं मूळ.

या गणितातली मला सर्वांत आवडती गोष्ट सूत्रात दिसत नाही. तबकडी थांबल्यापासून एकसारखी वेग घेत असेल, तर त्रिज्य त्वरण हे स्पर्शीय त्वरणाच्या किती पट आहे हे फक्त ठोकळ्याने कापलेल्या अंतरावर ठरतं. कापलेल्या अंतराची दुप्पट करा आणि त्रिज्येने भागा, तेवढ्या पट. वेग किती भराभर वाढतोय, घर्षण किती आहे, यांचा इथे काही संबंध नाही. हिसक्याच्या उदाहरणात साडेसात सेंटिमीटरची दुप्पट पंधरा, भागिले वीस, म्हणजे पाऊण पट. ३.१४च्या पाऊण पट काढली की साधारण २.३४ मिळतात. आता समजा ठोकळा एक पूर्ण फेरा टिकला. एका फेऱ्यात अंतर त्रिज्येच्या ६.२८ पट होतं, म्हणून त्रिज्य त्वरण स्पर्शीयच्या साडेबारा पट झालेलं असतं. साडेबारा आणि एक यांचा कर्ण साडेबाराहून हजारात तीनच भाग मोठा असतो. म्हणजे जो ठोकळा एक फेरा तगला, त्याच्या बाबतीत स्पर्शीय त्वरण हिशेबात धरलं काय आणि न धरलं काय, काहीच फरक पडत नाही. स्पर्शीय त्वरणाचा सगळा जोर पहिल्या फेऱ्यात असतो, त्यातही पहिल्या पाव फेऱ्यात.

घसरण्याची दिशाही यावरून कळते. घर्षण ज्या दिशेने जोर लावत होतं, तबकडीवरून पाहता ठोकळा सुरुवातीला बरोबर तिच्या उलट सरकतो. सावकाश फिरवताना घर्षण जवळजवळ सरळ आत ओढत असतं, म्हणून ठोकळा सरळ बाहेर निघतो. हिसक्यात घर्षण मुख्यतः पुढे ढकलत असतं, म्हणून तो मागे आणि थोडा बाहेर जातो. हे डोळ्यांनी पाहायला आम्ही ठोकळ्याभोवती खडूने चौकट काढायचो. आधी मी फक्त त्रिज्येवर एक रेघ मारत असे. पण सावकाश फिरवलेला ठोकळा त्या रेघेवरूनच बाहेर सरकायचा आणि रेघ तुटलेली दिसायचीच नाही. चौकटीत मात्र आतल्या बाजूची पट्टी उघडी पडते, किंवा पुढच्या बाजूची, आणि लगेच कळतं. हे पहिल्या काही मिलिमीटरांपुरतंच पाहायचं. एकदा घसरू लागल्यावर ठोकळा परत पकड घेत नाही. सरकताना घर्षण आधीपेक्षा कमी पडतं, आणि बाहेर गेल्यावर त्रिज्या वाढल्यामुळे वळण्याची गरज वाढते. शिवाय बाहेरची जागा जास्त वेगाने धावत असते, म्हणून ठोकळा तबकडीच्या मागे पडत जातो आणि खुणेची रेघ वाकते.

तो ‘बाहेर फेकला गेला’ असं आपण सहज म्हणतो. जमिनीवर उभं राहून पाहिलं तर त्याला बाहेर ढकलणारं काहीच नसतं. आत ओढणारं घर्षण अपुरं पडलं, म्हणून त्याची वाट वर्तुळापेक्षा थोडी सरळ झाली, इतकंच. वरून काढलेला व्हिडिओ हळू गतीने पाहिला की हे स्वच्छ दिसतं. ठोकळा केंद्रापासून दूर झेपावत नाही, तो पुढेच जात राहतो आणि वर्तुळ त्याच्या खालून वळून निघून जातं.

हाच हिशेब पावसात घाटातलं वळण घेणारा स्कूटरवाला नकळत करत असतो. तिथे तबकडी नाही, पण रस्ता आणि टायर यांच्यात घर्षण एकच आहे आणि ऐपतही एकच. वळायचंही तिच्यातून आणि ब्रेक लावायचा तोही तिच्यातून. ब्रेक म्हणजे मागच्या दिशेचं स्पर्शीय त्वरण. मोटारींच्या अभ्यासात ही मर्यादा वर्तुळ काढून दाखवतात आणि जर्मन अभियंता वुनिबाल्ड काम यांच्या नावाने ते वर्तुळ ओळखलं जातं. ओल्या रस्त्यावर गुणांक आमच्या ठोकळ्याइतकाच, ०.४ धरू, आणि वळणाची त्रिज्या २० मीटर. ताशी २५ किलोमीटरला वळण्यात २.४ खर्च होतात आणि ब्रेकसाठी ३.१ उरतात. ताशी ३० किलोमीटरला ब्रेकसाठी उरतात १.८. ताशी ३२ किलोमीटरला काहीच उरत नाही, ब्रेकला हात न लावताही गाडी निसटते. पंचविसावरून तिसावर जाताना फरक पाचाचाच आहे, पण ब्रेकची उरलेली ताकद तेवढ्यात चाळीस टक्क्यांनी घटते. आणि तिसानंतर ती शून्यावर यायला आणखी दोन किलोमीटरही पुरतात.

कागदावरचं हे गणित प्रयोगात उतरवताना अडचणी येतात त्या बहुतेक घर्षणाच्या नसतात. ठोकळा उंच असेल तर तो घसरण्याऐवजी आडवा होतो. पायाची रुंदी भागिले उंची हा आकडा घर्षण गुणांकाहून लहान असला की ठोकळा आधी कलंडणार. म्हणून बुटका ठोकळा घ्यायचा. त्रिज्या ठोकळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची, आतल्या कडेपर्यंत नव्हे. तबकडीवर बोटांचा तेलकटपणा नको. आणि ठोकळा किती वेळ एका जागी ठेवलाय तेही सगळीकडे सारखं असावं, कारण काही पृष्ठभागांत ठेवून राहिल्याने पकड वाढते. फ्रान्सच्या कूलोम यांनी १७८५ साली छापलेल्या आपल्या प्रबंधात याच्या मोजण्या दिल्या आहेत.

आमची अडचण वेगळीच निघाली. तबकडी ५० सेंटिमीटर व्यासाची होती, मोटरचा वेग हाताने बटण फिरवून सावकाश वाढवता यायचा, आणि मोबाइल वर टांगून सेकंदाला २४० चित्रं टिपणारा व्हिडिओ घ्यायचो. सुटण्याआधीच्या शेवटच्या फेऱ्याला किती चित्रं लागली ती मोजली की वेग मिळतो. ४२.३ फेऱ्यांना चित्रं यायला हवी होती ३४० ते ३४३च्या घरात. आमची येत होती ३४८, ३४९, म्हणजे मिनिटाला एकेचाळीस फेरे आणि थोडं वर. ठोकळा एक फेरा आधीच सुटत होता. फळीवर गुणांक पुन्हा मोजला, ०.४च आला. स्पर्शीय त्वरणावर संशय घेण्यात अर्थ नव्हता, तीस फेरे झाल्यावर त्याचा मागमूसही उरत नाही.

एका मुलीने सगळे व्हिडिओ ओळीने लावून पाहिले आणि म्हणाली, “सर, हा प्रत्येक वेळी खिडकीकडेच सुटतोय.” खरंच होतं. कुठूनही सुरू करा, ठोकळा खिडकीच्या बाजूला आला की निसटायचा. तबकडीवर आम्ही शाईने खुणा केलेल्या होत्या, त्या मात्र दर वेळी वेगळ्या असायच्या. यावरून दोष कुठे आहे ते ठरलं. तबकडी स्वतः दांड्यावर वाकडी बसली असती, किंवा तिचा एखादा भाग गुळगुळीत झाला असता, तर ठोकळा कोणत्या खुणेपाशी ठेवलाय त्यावर सुटण्याचा वेग बदलला असता, खोलीतली दिशा ठरली नसती. तो खोलीतल्या एकाच दिशेला सुटत होता, म्हणजे स्टँडच कललेला होता.

पाणसळ ठेवून पाहिलं. खिडकीकडची कड नऊ मिलिमीटर खाली होती. पन्नास सेंटिमीटरला नऊ मिलिमीटर म्हणजे जेमतेम एक अंश. पण एक अंश उतारावर ठोकळ्याला खाली ओढणारं त्वरण ०.१७ होतं. ठोकळा खिडकीपाशी आला की बाहेरची दिशा आणि उताराची दिशा एक होते, आणि ते ०.१७ सरळ ऐपतीतून वजा होतात. इथे पायथागोरसची सवलत मिळत नाही, कारण दोन्ही एकाच रेषेत आहेत. ३.९२चे राहतात ३.७५, आणि त्यातून येतात मिनिटाला ४१.३ फेरे.

स्टँडच्या एका पायाखाली पत्त्यांचा जोड ठेवून तबकडी सपाट केली आणि पुन्हा दहा वेळा फिरवली. चित्रं ३४०च्या आसपास येऊ लागली, कधी ३३७, कधी ३४५. ठोकळा एकदा दाराकडे सुटला, एकदा फळ्याकडे, दोनदा खिडकीकडे.